फवारणीचे पैसे देण्याआधी झुरळं मोजा

रात्री दोन वाजता वॉर्डातला मोठा दिवा बंद असतो. सिस्टरच्या टेबलावरचा एक दिवा तेवढा चालू असतो. अशा वेळी बॅटरी घेऊन एखाद्या खाटेशेजारचं लोखंडी लॉकर उघडून बघा. मी उघडलं होतं. खान्देशातल्या एका रुग्णालयात, नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयात बहुधा हेच दिसलं असतं. लॉकरच्या मागच्या पत्र्याच्या घडीत बारीक, तांबूस झुरळं एकमेकांना चिकटून बसली होती. उजेड पडताच ती पळाली. काही सलाईनच्या स्टँडवर चढली, एक थेट रुग्णाच्या उशीवरून पलीकडे गेलं. रुग्ण झोपेत होता.

गंमत अशी, की त्याच वॉर्डात चार दिवसांपूर्वी फवारणी झाली होती. औषधाचा वास अजून येत होता. रजिस्टरमध्ये तारीख होती, सही होती, शिक्का होता. सगळं होतं, आणि झुरळंही होती.

सकाळी मी विचारलं तेव्हा ठरलेलं उत्तर मिळालं, "काय करणार डॉक्टर, नातेवाईक डबे आणतात." हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, ते या लेखात सांगतो. माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: आपण झुरळं घालवण्यासाठी पैसे देत नाही, फवारा मारल्याचे पैसे देतो. आणि जोवर हे असंच चालू राहील तोवर झुरळंही राहतील, वॉर्डातही आणि तुमच्या ओट्याखालीही.

आधी ओळख पटवा

आपल्याकडे घरात मुख्यतः दोन प्रकारची झुरळं दिसतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिलं मोठं, तपकिरी-लालसर, दीड इंचाचं, क्वचित उडणारं. याला अमेरिकन झुरळ म्हणतात. ते गटारात, चेंबरमध्ये राहतं आणि रात्री मोरीतून वर येतं. घरात ते पाहुणा असतं.

दुसरं लहान, सव्वा ते दीड सेंटिमीटरचं, फिकट तांबूस, डोक्यामागे दोन काळसर उभ्या पट्ट्या असलेलं. याला जर्मन झुरळ म्हणतात. बायका ज्याला "बारीक झुरळं झालीत" म्हणतात ते हेच. हे गटारातून येत नाही. ते तुमच्या घरातच जन्मतं, तिथेच वाढतं, तिथेच मरतं. नाव जर्मन असलं तरी त्याचं मूळ आपल्याच बाजूचं आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरातल्या एका रानटी झुरळापासून ते वेगळं झालं आणि माणसाच्या घरात राहायला आलं. आता ते रानात सापडत नाही. त्याला माणूस लागतो, माणसाची ऊब लागते आणि माणसाने सांडलेलं पाणी लागतं.

वॉर्डातलं आणि स्वयंपाकघरातलं खरं दुखणं हे बारीक झुरळ आहे. म्हणून यापुढे मुख्यतः त्याच्याबद्दल बोलू.

ते जंतू नेतं कसं

झुरळ डासासारखं चावून रोग देत नाही. त्याची रीत साधी आणि किळसवाणी आहे. ते घाणीतून चालतं तेव्हा पायांच्या काट्यांना जंतू चिकटतात. ते थुंकी, पू, विष्ठा, उष्टं, सगळं खातं. जंतू त्याच्या पोटात जिवंत राहतात. आणि नंतर ते तुमच्या पोळीच्या डब्यावर किंवा बाळाच्या दुधाच्या वाटीवर येऊन खायला लागतं, तेव्हा खाता खाता पोटातलं थोडं बाहेर ओकतं आणि तिथेच बारीक काळी विष्ठा टाकतं. ओट्याच्या कोपऱ्यात काळी मिरी भरडून टाकल्यासारखे ठिपके दिसतात ना, ती तीच.

१९९१ साली दिल्लीतल्या रुग्णालयातली झुरळं पकडून तपासली गेली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक झुरळावर माणसाला आजारी पाडू शकणारे जंतू सापडले. घरांतून पकडलेल्या झुरळांचं चित्रही फार वेगळं नव्हतं. फरक जंतूंच्या स्वभावात पडतो. वॉर्डातले जंतू रोज अँटिबायोटिकचा मारा खाऊन निगरगट्ट झालेले असतात. घरात क्लेबसिएला बहुधा काही करत नाही. दीड किलोच्या बाळाच्या रक्तात औषधाला दाद न देणारा क्लेबसिएला शिरला, तर ते बाळ वाचवणं अवघड होतं.

आता प्रामाणिकपणे एक मर्यादा सांगतो. झुरळावर जंतू सापडला म्हणजे झुरळानेच रोग दिला असं सिद्ध होत नाही. रुग्णालयातला जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे नेणारं सर्वात मोठं वाहन आजही आपले न धुतलेले हात हेच आहे. झुरळं मारून हात न धुणाऱ्या डॉक्टरला काही पुण्य मिळणार नाही. पण दोन घटना मला विसरता येत नाहीत.

पहिली बेल्जियममधली, १९५० साली प्रसिद्ध झालेली. तिथल्या एका रुग्णालयाच्या बालविभागात साल्मोनेलाच्या जुलाबांची साथ आली. आजारी मुलांना वेगळं ठेवलं, जंतू बाळगणाऱ्यांना बाजूला काढलं, तरी साथ थांबेना. मग रात्रपाळीत लक्षात आलं, की झुरळं बाळांच्या पांघरुणांवरून, अंगावरून फिरतात. पकडून तपासली तर त्यांच्यात तोच साल्मोनेला निघाला. झुरळांचा बंदोबस्त केला आणि साथ थांबली.

दुसरी दक्षिण आफ्रिकेतली, २००० साली नोंदलेली. नवजात शिशु विभागात औषधाला न जुमानणाऱ्या क्लेबसिएलाचा संसर्ग पसरला होता. विभागातल्या झुरळांमधला क्लेबसिएला आणि बाळांमधला क्लेबसिएला प्रयोगशाळेत ताडून पाहिला, तर त्यांत फरक करता आला नाही. झुरळाने बाळाला दिला, की बाळाच्या डायपरमधून झुरळाने उचलला, हे त्यावरून सांगता येत नाही. पण तो जंतू खाटेखाली, भिंतीच्या फटीत, सफाईच्या आवाक्याबाहेर जिवंत फिरत होता, हे नक्की. तुम्ही फरशी पुसता, हात धुता, आणि जंतूचा साठा भिंतीत सुरक्षित राहतो. मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

फवाऱ्याने ती का मरत नाहीत

फवारा मारला की दहा-वीस झुरळं उलटी होऊन पाय झाडतात. ते बघून पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण तुम्ही मारलीत ती बाहेर फिरणारी. एखाद्या वेळी बाहेर असतात ती थोडी. बाकीची फटीत असतात. झुरळाला पाठ आणि पोट दोन्हीकडून भिंत टेकलेली आवडते. पूर्ण वाढलेल्या बारीक झुरळाला एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढ्या जाडीची फट पुरते. पिल्लांना त्याहून कितीतरी अरुंद चालते. फरशीवर आणि भिंतीवर मारलेलं औषध त्या फटीत पोचतच नाही. धुराचंही तेच. धूर खाली बसतो तो वरच्या पृष्ठभागांवर, घडीच्या आत नाही.

दुसरं कारण अंड्यांचं. बारीक झुरळाची मादी ३० ते ४० अंडी एका कडक डबीत भरते आणि ती डबी पोटाच्या टोकाला धरून हिंडते. पिल्लं बाहेर यायच्या सुमारासच ती डबी सोडते. डबीच्या आत औषध शिरत नाही. मादी मेली तरी अंडी पिकत आलेली असली, तर त्यातून पिल्लं निघू शकतात. अंडं ते पिल्लू तीन-चार आठवडे, पिल्लू ते अंडी घालणारी मादी उबेत सहा-आठ आठवडे. म्हणजे आज वाचलेली एक मादी अडीच-तीन महिन्यांनी निदान पंधरा नव्या माद्या देऊन जाते, आणि ती आयुष्यात अशा चार ते आठ डब्या वाहते. महिन्यातून एकदा फवारा मारणारा माणूस या हिशेबाच्या मागेच धावत राहतो.

तिसरं कारण जास्त वाईट आहे. घरगुती स्प्रेमध्ये आणि बहुतेक फवारणीत पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. झुरळाला ती झोंबतात, म्हणून ते तिथून पळतं. ओट्याखाली फवारलं की ते माजघरात जातं, पुरुष वॉर्डात फवारलं की प्रसूती वॉर्डात. तुम्ही झुरळं मारत नाही, त्यांची बदली करता. शिवाय वर्षानुवर्षं तेच औषध वापरल्यामुळे जगभर या झुरळात प्रतिकारशक्ती आलेली आहे. दुबळी मेली, तगडी उरली, त्यांचीच प्रजा वाढली. अँटिबायोटिक अर्धवट घेतल्यावर जे होतं तेच.

आणि आपण त्यांना पाणी पाजतो

१९५७ साली एक जुना पण फार उपयोगी प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बारीक झुरळाच्या माद्यांना अन्न न देता नुसतं पाणी दिलं तर त्या महिनाभराहून अधिक जगल्या. कोरडं अन्न दिलं आणि पाणी दिलं नाही, तर दोन आठवड्यांच्या आत मेल्या. अन्न-पाणी दोन्ही न दिलेल्या जेवढ्या जगल्या, जवळपास तेवढ्याच. म्हणजे पाणी नसेल तर पुढ्यातल्या अन्नाचा झुरळाला जवळजवळ काही उपयोग नाही.

आता हे जळगाव-धुळ्याला लावून बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत. अशा वेळी झुरळाला पाणी कुठे मिळतं? आपल्या कूलरमध्ये. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत उभा असलेला पत्र्याचा कूलर, त्याची ओली जाळी, खाली टपकणारं पाणी, कडेला साचलेला गाळ. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेले ड्रम आणि त्यांच्या बुडाशी कायमची ओल. फ्रिजच्या मागे खाली एक छोटा ट्रे असतो, त्यात वितळलेलं पाणी साचतं आणि शेजारी कॉम्प्रेसरची ऊब असते. पाणीही आहे, ऊबही आहे, अंधारही आहे. झुरळाने आणखी काय मागावं? वॉर्डात हेच काम कूलर, पिण्याच्या पाण्याच्या माठाखालची ओली फरशी, ठिबकणारं बेसिन आणि ओलं पोछा-बादलीचं कोपाट करतं. नवजात विभागात वॉर्मर आणि मॉनिटरच्या आतली ऊबही.

म्हणून "नातेवाईक डबे आणतात" हे उत्तर मला पटत नाही. चोपड्याहून किंवा साक्रीहून आलेल्या माउलीने भाकरी-भाजीचा डबा आणला, तो ठेवायला तिला तुम्ही ते फुटकं लॉकरच दिलंत. डब्यातली भाकरी संध्याकाळी संपते. ठिबकणारा नळ रात्रभर, वर्षभर ठिबकतो. नळ नातेवाइकांचा नाही.

मोठ्या झुरळांचं उत्तरही पाण्यातच आहे, पण उलट्या बाजूने. मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम राहतं, तेच गटार आणि घर यांच्यातलं झाकण. उन्हाळ्यात न वापरलेल्या बाथरूममधलं ते पाणी उडून जातं आणि गटारातली झुरळं सरळ वर येतात. गावाला जाऊन आलात आणि घरात मोठी झुरळं दिसली, तर आधी हे बघा. आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी त्या जाळीत ओता. रुग्णालयातल्या बंद पडलेल्या संडासांनाही हे लागू आहे.

मग करायचं काय: एका घराची गोष्ट

जळगावातलं एक घर. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबाचं. दोन लहान मुलं, आजी, आणि ओट्याखाली स्प्रेचे तीन डबे. मी त्यांना म्हटलं, पंधरा दिवस फवारा बंद, आधी मोजू. बाजारात झुरळांचे चिकट सापळे मिळतात, पुठ्ठ्याचे. ते आणायचे नसतील तर काचेची बरणी घ्या, बाहेरून कागद गुंडाळा, म्हणजे झुरळाला चढता येईल. आतल्या काठाला दोन बोटं व्हॅसलिन लावा, म्हणजे त्याला परत निघता येणार नाही. तळाला पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवा.

सहा ठिकाणी सापळे ठेवले, भिंतीला चिकटवून, कारण झुरळ कडेकडेने चालतं. तीन रात्रींनी मोजलं. फ्रिजच्या मागे ४१, सिंकखाली २३, कूलरच्या पायाशी ९, गॅसच्या टेबलाखाली ६, देवघराजवळ १, झोपायच्या खोलीत एकही नाही. बघा, या सहा आकड्यांनी घराचा नकाशा काढून दिला. वस्ती फ्रिज आणि सिंकपाशी होती. ते मात्र दर वेळी सगळं घर फवारत होते, मुलांच्या गादीखालीसुद्धा, जिथे एकही झुरळ नव्हतं.

आधी पाणी बंद केलं. सिंकचा ठिबकणारा पाइप प्लंबरकडून बदलला. फ्रिजचा ट्रे काढून धुतला आणि दर आठवड्याला रिकामा करायचं ठरलं. रात्री झोपताना ओटा आणि सिंक कोरडं पुसायचं, ओलं फडकं पिळून बाहेर दोरीवर टाकायचं. कूलरचं पाणी दर चौथ्या दिवशी काढायचं. ओट्याच्या टाइल्समधल्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरल्या.

मग जेल. फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असलेलं झुरळांचं जेल औषधांच्या किंवा किराणा दुकानात सिरिंजसारख्या नळीत मिळतं. ते खाद्य आहे आणि त्यात विष आहे. खाल्ल्यावर झुरळ तिथल्या तिथे मरत नाही, फटीत परत जातं आणि तिथे मरतं. पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर खातात आणि तीही मरतात. फवारा ज्या फटीत पोचत नाही, तिथे झुरळ स्वतः विष घेऊन जातं. म्हणून हे चालतं.

ठिपका मुगाच्या दाण्याएवढा द्यायचा. एक मोठा गोळा नको, पुष्कळ छोटे ठिपके हवेत, जिथे सापळ्यात जास्त सापडली त्याच्या आसपास: ट्रॉलीच्या बिजागरीत, ड्रॉवरच्या पट्टीच्या टोकाला, सिंकच्या खालच्या कडेला, फ्रिजच्या मागच्या भिंतीलगत. पाणी लागेल, भांडं लागेल, मुलाचं बोट जाईल अशा जागी नाही. लावताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. सात दिवसांनी बघा. संपलेला ठिपका म्हणजे तिथे गिऱ्हाईक आहे, पुन्हा द्या. आपल्या उन्हाळ्यात जेल लवकर सुकतं. सुकून कडक झालेलं खरवडून नवीन लावा.

दोन आठवड्यांनी फ्रिजमागचा आकडा ४१ वरून ८ वर आला. तिसऱ्या आठवड्यात मात्र तो खाली जायचा थांबला. जेलचे ठिपके जसेच्या तसे होते, कुणी तोंड लावलेलं नव्हतं. चौकशी केली तर कळलं, की घरी पाहुणे येणार म्हणून आजींनी ओट्याखाली सगळीकडे स्प्रे मारला होता. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. स्प्रेचा अंश जेलवर पडला की झुरळ ते खात नाही. जेल आणि फवारा एका जागी कधीच नको. ते सगळं पुसून काढलं, नवे ठिपके दिले. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी सापळ्यांत फक्त बारीक पिल्लं सापडत होती, मोठं एकही नाही. हे चांगलं लक्षण आहे. जुन्या डब्यांतली अंडी फुटताहेत, पण नव्या माद्या तयार होत नाहीत. तिसऱ्या महिन्यात सापळे रिकामे. सापळे मात्र आजही आहेत, महिन्यातून तीन रात्री.

क्वचित असंही होतं, की फवारा नसताना ताजं जेलही झुरळं नाकारतात. १९९३ साली अमेरिकेत असं आढळलं, की विषारी खाद्यातलं ग्लुकोज काही झुरळं टाळायला लागली होती आणि तो गुण त्यांच्या पिल्लांतही उतरत होता. अशा वेळी कंपनीच नव्हे, आतलं औषध आणि खाद्य दोन्ही वेगळं असलेलं जेल घ्या.

हे मात्र करू नका

आपल्या भागात कपाशीवर मारायचं उरलेलं औषध घरात झुरळांवर मारायची सवय मी पाहिली आहे. ते औषध शेतासाठी असतं, उघड्या हवेसाठी. स्वयंपाकघरात ते भांड्यांवर बसतं आणि घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या पोटात जातं. डायक्लोरव्हॉस तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तरी कुणाकडे जुनी बाटली असते. धान्याच्या कोठीत टाकायच्या गोळ्या, ज्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्या झुरळांसाठी खोलीत ठेवणं म्हणजे घरातल्या माणसांचा जीव घेणं आहे. त्यावर उतारा नाही.

कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर जुना आणि कामाचा उपाय आहे, पण ती फटीत पातळ थरात हवी. ढीग घातला तर झुरळ त्याला वळसा घालून जातं. कणिक-साखरेत मळून केलेल्या गोळ्या लहान मुलाला खाऊ वाटतात. घरात रांगतं मूल असेल तर त्या नकोत. झुरळांचा खडूसुद्धा पायरेथ्रॉइडच आहे. मूल त्याने पाटीवर लिहील आणि बोट तोंडात घालेल.

वॉर्डासाठी कंत्राट कसं लिहावं

२०१५ पासून सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी कायाकल्प योजना आहे आणि तिच्या तपासणीत कीटक-प्राणी नियंत्रण हा मुद्दा आहे. चांगलंच आहे. पण फवारणीच्या तारखांचं रजिस्टर भरलं की तो मुद्दा पूर्ण झाला, असं जिथे मानलं जातं, तिथे तो मुद्दा कागदावरच राहतो. खासगी रुग्णालयांतही वेगळं काही नाही. तिथे तर पाहुण्यांना वास यावा म्हणून फवारा मारतात.

माझं मागणं सोपं आहे. कंत्राटातलं एक वाक्य बदला. "दरमहा एक फवारणी" असं लिहू नका. "दरमहा ठरलेल्या जागी सापळे, तीन रात्रींचा आकडा, आणि आकडा खाली आल्यावर पैसे" असं लिहा. वीस खाटांच्या वॉर्डात बारा सापळे पुरतात: लॉकरच्या ओळीत चार, सिस्टरच्या टेबलाखाली एक, ड्रेसिंग ट्रॉलीजवळ एक, पँट्रीत दोन, बेसिनखाली एक, कूलरपाशी एक, संडासाच्या दाराशी दोन. प्रत्येकावर नंबर आणि तारीख. मोजणी कंत्राटदाराने करायची नाही, वॉर्डच्या सिस्टरने करायची. जो मारतो त्यानेच मोजलं तर आकडा नेहमी शून्य येतो.

आकडा कुठल्या सापळ्यात वाढला त्यावरून पुढचं काम ठरतं. बेसिनखाली वाढला तर तो प्लंबरचा प्रश्न आहे, कीटकनाशकाचा नाही. लॉकरमध्ये वाढला तर लॉकर बाहेर उन्हात काढा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन फुकट आहे आणि तापलेल्या पत्र्यात झुरळ टिकत नाही. मग घड्या बुजवून आत जेलचे ठिपके द्या. वॉर्मर, मॉनिटर किंवा सक्शनच्या यंत्रात झुरळं शिरली तर त्यात स्प्रे मारू नका, यंत्रही जाईल आणि बाळाच्या श्वासात औषधही. ते यंत्र बायोमेडिकल इंजिनिअरकडून उघडून साफ करून घ्या. नवजात विभागात आणि आयसीयूत रुग्ण असताना फवारणी होऊच नये.

कुणी म्हणेल, जेल महाग पडतं. एका नळीत शेकडो ठिपके निघतात आणि ते लागतात फक्त तिथे, जिथे सापळा बोट दाखवतो. महाग पडतो तो बारा महिने मारलेला आणि बारा महिने वाया गेलेला फवारा. त्याचं बिल मात्र कुणाला जड वाटत नाही, कारण त्याचा वास येतो. वास आला की काम झालं असं आपल्याला वाटतं.

तुमचं कुणी रुग्णालयात दाखल असेल आणि झुरळ दिसलं, तर सिस्टरवर किंवा मावशींवर ओरडू नका. त्यांच्या हातात ना पाइप आहे ना कंत्राट. तक्रार लेखी द्या आणि त्यात एकच प्रश्न विचारा: मागच्या महिन्यात या वॉर्डात किती झुरळं मोजली? फवारणीची तारीख दाखवली, तर पुन्हा तोच प्रश्न विचारा.

आणि आज रात्री, दिवे घालवल्यावर तासाभराने, बॅटरी घेऊन स्वतःच्या फ्रिजच्या मागे बघा. तिथला ट्रे ओला असेल तर उद्याच्या कामाची सुरुवात तिथून करा.